माणूस समोर, कार्ड नाही

माझी आत्या शिलाई मशीन विकते आणि दुरुस्त करते. एकवीस वर्षं तिच्या बोटांना तेलाचा वास आहे. रागावली की ती आवाज चढवत नाही, हातातली वस्तू फार हळू खाली ठेवते. त्या दिवशी तिने बँकेचं पत्र तसं ठेवलं.

पाच आठवड्यांपूर्वी एका माणसाने फोनवर भरतकामाचं सगळ्यात महागडं मशीन मागितलं. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे सांगितले. आत्याने ते ऑर्डरच्या वहीत उतरवले, कार्ड-यंत्राची बटणं दाबून रक्कम टाकली. ‘मंजूर’ अशी पट्टी बाहेर आली. दुपारी तो स्वतः दुकानात आला, मशीनचा टाका पाहिला, गाडीत खोकं ठेवलं आणि गेला.

आता कार्डाच्या खऱ्या मालकाने कळवलं होतं की ही खरेदी माझी नाही. दुकानाच्या खात्यातून मशीनची पूर्ण किंमत परत गेली होती, शिवाय तक्रारीचं शुल्क वेगळं. ती किंमत म्हणजे दीड महिन्याचं दुकानभाडं. उत्तराला दहा दिवस होते.

आत्या वही काखोटीला मारून बँकेच्या कार्ड विभागात गेली. समोर एक अधिकारी बाई होत्या.

“माणूस माझ्यासमोर उभा होता,” आत्या म्हणाली. “या टेबलाइतका जवळ. मग चोरी माझ्या माथी का?”

“माणूस उभा होता, ताई. कार्ड नव्हतं.”

“गेल्या वर्षी एका बाईने अशीच तक्रार केली होती. तेव्हा एक पैसा कापला नाहीत.”

“तेव्हा यंत्राने चिप वाचली होती, पिन टाकला होता. तसं असेल तर बहुतेक वेळा नुकसान कार्ड देणारी बँक सोसते. नंबर दाबून घेतलेले पैसे दुकानदाराच्या जोखमीवर. म्हणून तर त्यावर आम्ही दर जास्त घेतो.”

“शेकड्याला दीडच्या जागी अडीच घेता. मला वाटायचं, जास्त घेता म्हणजे जास्त सांभाळता.”

बाईंनी समोरचे कागद सरळ केले.

“आणि तुमचं यंत्र ‘मंजूर’ म्हणालं, ते काय गंमत म्हणून?”

“मंजूर म्हणजे कार्ड चालू आहे, त्यात पैसे आहेत, तोवर हरवल्याची नोंद नाही. देणारा मालकच आहे, हे ते सांगत नाही. तुमच्याकडे पुरावा काय आहे? मालकाच्या पत्त्यावर माल पोचल्याची सही? घ्यायला आलेल्याचं ओळखपत्र पाहिल्याची नोंद?”

आत्याने वही पुढे सरकवली. बाईंनी पान पाहिलं आणि वही पटकन मिटली.

“हे पाठवू नका. मागचे तीन आकडे लिहून ठेवायला सक्त मनाई आहे. यावर वेगळा दंड होऊ शकतो.”

“म्हणजे मी नीट लिहून ठेवलं, हाच माझा गुन्हा?”

“तो दुपारी आला होता ना? तेव्हा सकाळचा व्यवहार रद्द करून त्याचंच कार्ड यंत्रात घालायला सांगायचं होतं. चोराकडे नुसता नंबर असतो, कार्ड नसतं. तो तिथेच पळाला असता.”

हे वाक्य आत्याला सगळ्यात जास्त लागलं. कारण त्या दुपारी हे तिच्या मनात आलं होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा कार्ड मागणं तिला अपमानाचं वाटलं होतं.

“हे मला यंत्र देताना कोणी का नाही सांगितलं?”

“करारात आहे. पान अकरा.”

“पान अकरा,” आत्या म्हणाली. “तुमचा माणूस यंत्र द्यायला आला तेव्हा चहा पिऊन गेला. पान अकरा वाचायला त्याला वेळ नव्हता.”

तरीही तिने उत्तर पाठवलं: बिल, मशीनचा क्रमांक, फोन आल्याची वेळ. पंधरा दिवसांनी निकाल आला, दोन ओळींचा. पैसे गेले.

ती दुपार तिने जुन्या वह्यांतले कार्डांचे आकडे खोडण्यात घालवली. कागद फाटेपर्यंत.

“अगं, वहीचा काय दोष?” दुकानातले म्हातारे कारागीर म्हणाले.

“कुणाचा तरी काढायला हवा ना.”

तेवढ्यात फोन वाजला. जुन्या ओळखीचे शिंपीकाका. दोन मशीन हवी होती. “नंबर लिहून घे, संध्याकाळी न्यायला येतो.”

“येणारच आहात, तर कार्ड घेऊन या, काका. इथे पिन टाका.”

“माझ्यावर भरवसा नाही का गं तुझा? बारा वर्षांचा गिऱ्हाईक मी.”

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“भरवसा आहे, पण मी तो बँकेला पाठवून पाहिला. चालत नाही.”

काका काहीतरी पुटपुटले आणि फोन बंद झाला. ते संध्याकाळी आले नाहीत. आत्या कुलूप लावायच्या वेळेपर्यंत दाराकडे पाठ करून एकाच मशीनच्या धाग्याचा ताण जुळवत बसली होती.