कणसाशेजारी हात

मी बाजरीच्या पोस्टरवर राळ्याचं कणीस छापलं. बाजरीचीच भाकरी खाऊन वाढलेला माणूस मी, आणि नव्या जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत फोटो निवडायला पगारी बसलेला.

फोटोत फक्त कणीस होतं. पान कापलेलं, दाणे अजून हिरवट, अंगभर कुसळं. कागदावर वीतभर दिसलं, म्हणून मी ते वीतभरच धरलं. राळा हे बारीक दाण्याचं भरडधान्य, त्याचं कणीस बोटाएवढं असतं, आणि जवळून काढलेल्या फोटोत बोट आणि वीत यांत फरक राहत नाही, हे मला तीर्थपुरीच्या बाजारात कळलं. पोस्टरखाली दोघंतिघं उभे राहून हसत होते. "बाजरी म्हणून राळा पेरायचा का आता?"

मालकांनी मला समोर बोलावलं. "पुढच्या पोस्टरला अशी चूक झाली, तर घरी जायचं. बिलकुल ऐकून घेणार न्हाई."

नोकरी गेली असती तर घरी बायकोला सांगायला तोंड नव्हतं, कारण ते पोस्टर मीच कौतुकानं आमच्या दारावर चिकटवलं होतं. म्हणून मी स्वतःला एक कायदा घालून घेतला: ज्या फोटोत कणसाशेजारी माणसाचा हात आणि त्याच झाडाचं पान नाही, त्याला मी नाव देणार नाही.

भादव्यात नवे फोटो आले. ज्वारी, बाजरी, नाचणी. मालकांना त्यातला एक फारच आवडला. पुन्हा नुसतं कणीस, पुन्हा कुसळं, मागे निळं आभाळ.

"हा बाजरीवर टाक."

"न्हाई टाकणार."

"का? कुसळाची बाजरी असते की."

"असते ना. राळ्यालाही कुसळं असतात. पान कुठंय? हात कुठंय?"

"एकदा तोंडावर पडला, अन् आता मला शिकवून राह्यला?"

"पडलो म्हणूनच सांगतो."

मग त्यांनी नाचणीचा एक फोटो पुढे सरकवला. अरुंद, मधोमध घडी पडलेली पानं, बाकी काही नाही. "हे तरी सांग."

"गवतही असंच दिसतं. वर बोटांसारखं फुटलेलं कणीस दाखवा, मंग नाचणी म्हणतो."

कारकुनांनी माना खाली घातल्या. मालक लाल झाले, आणि मी मुद्दाम ज्वारीचा फोटो उचलून वाचून दाखवला, जणू तेच परीक्षेला बसले होते. "हे बघा, रुंद पान, मधली शीर पांढरी, भरदार कणीस, गोल टपोरे दाणे, अन् खाली फोटोवाल्याचा हात. ही ज्वारी. हिच्यावर नाव घालतो. त्या कुसळवाल्यावर तुम्ही घाला, अन् खाली तुमची सही करा."

सहीचं नाव काढल्यावर ते उठले. फोटोवाल्याला बोलावणं गेलं. तो निगेटिव्हची पट्टी घेऊन आला आणि खिडकीपाशी उजेडात धरली. मालकांच्या लाडक्या फोटोच्या शेजारच्याच चौकटीत ते झाड पूर्ण आलं होतं: बारीक काडी, मान टाकलेलं कणीस, आणि बाजूला फोटोवाल्याची चप्पल. कणीस चपलेच्या निम्म्याएवढंसुद्धा नव्हतं.

"राळा हाये," फोटोवाला म्हणाला. "बाजरीच्या प्लॉटच्या बांधावर होता."

मालकांनी आपला लाडका फोटो टेबलावर पालथा घातला. म्हणाले, "मंग जा, काढून आण हातासकट."

कुंभार पिंपळगावला कंपनीच्या बाजरीच्या प्लॉटवर मी स्वतः गेलो. दाणे भरले होते, बाजरीची कणसं ताठ, राखाडी, कुसळ नसलेली. ज्वारीच्या फोटोत दुसऱ्याचा हात पाहून आधीच पोटात दुखत होतं, म्हणून या वेळी माझाच उजवा हात कणसाला भिडवला. पान दिसेल असं झाड वाकवलं आणि फोटोवाल्याला तीनदा सांगितलं की हात नीट आला पाहिजे. आलाही. पोस्टरवर कणसाइतकाच हात उठून दिसत होता.

पुढच्या पेरणीआधी तेच पोस्टर तीर्थपुरीच्या बाजारात लागलं. मी बाजूला उभा राहिलो, कुणी हसतंय का बघत. कुणी हसलं नाही. एक म्हातारे शेतकरी जवळ आले, पान बघितलं, कणीस बघितलं.

"बाजरीच हाये," ते म्हणाले. "कणीस लई लांब दाखवलं पण. हात कुणाचा?"

"माझा!" मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, शेजारी आपला नांगर धरून रुंद झालेला पंजा ठेवला. माझी बोटं त्यांच्या दुसऱ्या पेरापाशी संपली.

"कणीस लांब न्हाई साहेब," ते म्हणाले, "तुमचाच हात लेकराचा हाये. पुढच्या बारीला मोठ्या माणसाला बोलवा."