क्लोरीन जळत नाही

"काय करता?" असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "जाळतो." समोरचा विषय बदलायचा. आपलं काढलेलं अपेंडिक्स पुढे कुठे जातं, हे कुणाला जाणून घ्यायचं असतं? शहरातल्या दवाखान्यांच्या पिवळ्या पिशव्या, म्हणजे रक्ताळलेला कापूस, पट्ट्या आणि कापून काढलेलं काहीबाही, सगळं अण्णांच्या भट्टीत यायचं. त्यांनी या कामाची लाज कधी बाळगली नाही. कुणीतरी ते नीट करायला हवं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि ते नीटच करायचे. पहिल्या कप्प्यात आठशे अंशांवर कचरा जळायचा. त्याचा धूर दुसऱ्या कप्प्यात जायचा, आणि तिथे हजाराच्या वर निदान दोन सेकंद तरी तो थांबला पाहिजे. धूर ओढणारा पंखा कुणी वाढवला की अण्णा ओरडायचे, "तापमानाचा काटा वर दिसतोय म्हणून खुश होऊ नकोस! धूर आतून पळाला तर तो काटा काय चाटायचाय?"

त्या आठवड्यात मात्र काटाही बरोबर होता आणि पंखाही. तरी धूर धुणाऱ्या मनोऱ्यातलं पाणी आंबट होत होतं. ते आम्ल मारायला लागणारं महिन्याभराचं कॉस्टिक चार दिवसांत संपत आलं. भट्टीच्या इंजिनिअरबाई नव्या होत्या, पण डोकं शांत होतं. अण्णांबरोबर त्यांनी फवारे पाहिले, पंप पाहिला. सगळं ठीक.

"म्हणजे पिशव्यांत पीव्हीसी येतंय, क्लोरीन असलेलं प्लास्टिक," त्या म्हणाल्या. "अण्णा, आग बाकी सगळं मोडते, पण क्लोरीन जळत नाही. त्याचं आम्ल होतं. आणि धूर चारशे अंशांवरून खाली येताना रेंगाळला, की मोडलेलं विष परत जुळतं. म्हणून तो पाण्याने झटक्यात गार करायचा, कॉस्टिकने धुवायचा, उरलंसुरलं कोळशाच्या भुकटीने धरायचं. आपला मनोरा थोड्याफार क्लोरीनसाठी बांधलाय. एवढ्यासाठी नाही. कॉस्टिक संपलं तर हे सगळं पलीकडच्या वस्तीवर जाईल. कुठल्या गाडीनंतर पाणी आंबतं, लक्षात आलंय का?"

अण्णांच्या लक्षात आलं होतं. पिशवीच्या पातळ प्लास्टिकमधून त्यांना गुंडाळलेल्या नळ्या दिसल्या होत्या. डायलिसिसच्या. त्या नळ्या ते चांगल्या ओळखत होते. आठवड्यातून दोनदा तशाच नळ्यांतून त्यांच्या बायकोचं रक्त बाहेर जायचं आणि परत यायचं. नळीत रक्त राहतं, म्हणून वॉर्डातल्या बायकांनी ती जाळायच्या पिशवीत टाकली असणार. रक्त दिसलं की जाळा, असं त्यांना वाटत असणार. नळी खरं तर लाल पिशवीत जायला हवी; तो माल जाळत नाहीत, वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात.

गाडीचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "अण्णा, तोंड उघडू नका. वहिनींचा डायलिसिसचा नंबर त्याच दवाखान्यात आहे ना? केवढ्या मिनतवाऱ्या करून मिळालाय."

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? धूर तर पांढराच दिसत होता. कुंपणापलीकडे एक बाई तारेवर बाळाचे कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी मान फिरवली. मग इंजिनिअरबाईंना दवाखान्याचं नाव सांगून टाकलं.

इंजिनिअरबाईंनी त्या पिशव्या भट्टीत घालणं लगेच थांबवलं आणि गाडी परत पाठवली. दवाखान्याला नोटीस गेली. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरनी, चूक आपली असूनही, नाव कुणी सांगितलं ते कळताच राग अण्णांवर काढला. "तुमचा नंबर आता आमच्याकडे बसत नाही. दुसरीकडे बघा." अशा रागाला काय म्हणावं? शिकलेल्या माणसाचा असला तरी तो हलकाच.

दुसरं डायलिसिस केंद्र शहराच्या पार टोकाला. दोन बस बदलायच्या.

बायको कॉटवर बसून होती. पाय सुजलेले. सगळं तिने ऐकून घेतलं.

"मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली. "जीव माझा होता."

अण्णांनी तिच्या चपला कॉटखालून पुढे ओढल्या.

"विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंत ना?"

"हो," अण्णा म्हणाले. खोटं त्यांना सुचलंही नाही.

ती रडली नाही. चिडली मात्र होती, आणि ते तिने लपवलं नाही. मग अण्णा तिला उठवायला वाकले, तेव्हा सुई टोचून टोचून फुगलेला हात तिने अलगद मागे घेतला.

"हा नको. दुसरा धरा," ती म्हणाली. "आणि उठवा मला. पहिली बस चुकली तर दुसरी मिळायची नाही."