बर्फाच्या पेट्यांची अनामत

साठ सालाच्या आसपास पनवेलच्या एका बर्फाच्या कारखान्याचे हिशेब तपासायला मी जात असे. मासळीसाठी बर्फ नेणाऱ्या कोळणी लाकडी पेटीमागे पाच रुपये अनामत ठेवायच्या. पेटी परत केली की पैसे परत. त्या वर्षी पावतीपुस्तकात कारखान्याकडे राहिलेल्या स्थळप्रती चाळल्या, तर नावं ढीगभर, आणि वहीत अनामत खात्यावर मोजकीच. मला एका जागी बसवेना.

"बाकीच्यांची अनामत कुठं गेली?" मी मुनीमजींना विचारलं.

"दिवाळीला नवी वही पूजली, की वर्षभरात मागायला न आलेल्यांची विक्रीत जमा करतो. पहिल्यापासून हीच पद्धत."

"अहो, पेट्या रोज वापरतात, म्हणून मागत नाहीत! ही विक्री कसली? हे देणं आहे!"

तेवढ्यात एक म्हातारी कोळीण रिकामी पेटी घेऊन आली. तिनं पदराची गाठ सोडून पावती काढली. "आता जमत नाय. माजं पैसं द्या."

मुनीमजींनी वही पाहिली. "तुझं नावच नाही."

मी स्थळप्रत काढली. नंबर जुळला, नाव जुळलं. पैसे द्यायला लावले आणि तणतणतच मागची वही ओढली. तिथं तिचे पाच रुपये विक्रीत वर्ग झाले होते. गेल्या वर्षी मी अनामत खात्यातली नावं तेवढी पावत्यांशी ताडली होती, पावत्यांवरची नावं त्या खात्यात शोधलीच नव्हती.

त्या पाच रुपयांपुढं विक्री म्हणून तपासल्याची लाल खूण होती. माझ्याच हातची.