तिसऱ्या डब्यातले पापड

आत्याच्या नाकावर अख्ख्या गल्लीचा भरवसा. कोणाचं पीठ जुनं, कोणाचं तेल खवट, हे ती दारातूनच सांगायची, आणि तेही समोरच्याचं तोंड पडेल अशा आवाजात. पस्तीस वर्षं पापड लाटून हा हक्क कमावलाय, असं तिचं म्हणणं. मी तिची भाची, तिच्या हाताखाली लाटायला. मला रोज दोन-चार टोमणे फुकट मिळायचे.

पावसाळा सरल्यावर आम्ही इस्पितळाच्या खानावळीचा माल बांधायला घेतला. अकराला टेम्पो येणार होता. तिसऱ्या डब्याचं झाकण मी उघडलं. वरचा पापड मोडायला गेले, तर तो नुसता वाकला. त्यावर काळे ठिपके होते.

"मिरी आहे ती," आत्या म्हणाली.

मी फडक्याने एक ठिपका पुसला. मिरी पापडाच्या अंगात असते, पुसून जात नाही. हा फडक्याला लागला. कडेला बारीक पांढरी लवही दिसत होती.

"आत्या, बुरशी आहे."

"मग ऊन दाखवू. उरलंसुरलं तळताना मरेल."

"नुसते सादळले असते तर उन्हात कडक झाले असते. बुरशीचं विष उन्हानेही जात नाही, तळूनही नाही."

"शहाणीच आहेस! घाण असती तर वास आला नसता का?" तिने पापड नाकाशी नेला, दीर्घ श्वास घेतला. "कुठे येतोय?"

दोन हात लांब उभी असूनही मला कुबट भपकारा येत होता. आधी संताप आला. मग मागच्या महिन्यातला तिचा ताप आठवला, आणि त्यानंतर तिच्यासमोर करपूनही तिला न कळलेलं दूध. मी गुपचूप तिच्या पाठीमागे हिंगाची डबी उघडली. ती ढिम्म.

"आत्या, हिंग उघडलाय."

ती वळली. उघडी डबी बघून पाटावर मटकन बसली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"कोणाला सांगू नकोस गं," ती पुटपुटली. "मग मला कोण विचारेल?"

"आजारी माणसं खाणार आहेत, आत्या."

परत हॉर्न वाजला. ती उठली आणि पदर खोचून स्वतः दारात गेली.

"आज माल नाही," तिचा आवाज खणखणीत होता. "बुरशी लागलीय. उन्हातले पापड गरम असतानाच मी डबा बंद केला, आत घाम सुटला. चूक माझी. बाकीचे तपासल्याशिवाय एकही देणार नाही."

टेम्पोवाला कुरकुरत गेला. तिसरा डबा तिने तळापर्यंत कचऱ्यात रिकामा केला, वरचे-खालचे निवडत बसली नाही. मग उरलेले पाच डबे ओढून माझ्यापुढे ठेवले.

"मला आता काही कळत नाही," ती म्हणाली. "तू सांगशील ते खरं."

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी पहिलं झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला.