पाण्यातलं वजन

अग्निशमन केंद्रात तिला सगळे घोरपड म्हणत. एकदा धुरानं भरलेल्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला ती एका हातानं लटकून राहिली होती आणि दुसऱ्या हातात एक अख्खा माणूस होता, तेव्हापासूनचं हे नाव. त्या दिवशी केंद्रप्रमुखानं खालून "आत कोणी उरलेलं नाही, परत फिरा" असा हुकूम दिला होता. ती फिरली नाही. माणूस वाचला, आणि साहेबांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

दोन वर्षं त्यांनी दबा धरला. मग वार्षिक तपासणीचा दिवस आला.

सगळ्यांसमोर, अंगणात मांडलेल्या काट्यावर, तिचं वजन भरलं एकाहत्तर किलो. तिच्या उंचीला तक्त्यात अडुसष्टची हद्द होती. मागच्या वेळी ती सदुसष्ट होती.

"चार किलो वाढलीस," साहेब म्हणाले. "घरचं मानवतंय म्हणायचं. शिडी मोडली तर भरपाई कोणाकडून घ्यायची?"

दोघेतिघे हसले. हसू ओसरेपर्यंत साहेब थांबले आणि मग स्वतः काट्यावर चढले.

"अडुसष्ट. नोकरीला लागलो तेव्हा अडुसष्ट, आजही अडुसष्ट. बावीस वर्षांत काटा हलला नाही. याला म्हणतात शिस्त." खाली उतरता उतरता त्यांनी तिला बंबावरून काढल्याचं सांगितलं. वैद्यकीय मंडळासमोर जाईपर्यंत तीन महिने गणवेशाच्या कोठीत बसायचं.

घरी जाऊन घोरपड नवऱ्याला म्हणाली, "त्या माणसाला मी सोडणार नाही."

नवरा भाकऱ्या थापत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "रागात काही करू नकोस."

"रागातच करणार आहे. पण घाईत नाही."

कोठीत शिंपीकाकांचं राज्य होतं. पस्तीस वर्षं ते सगळ्या केंद्राची मापं घेत आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिची विजार हातात घेऊन भुवया उंचावल्या.

"तुझ्या कमरेला दोन इंच कापड जास्त होतंय. आणि दंडाला बाही पुरत नाही. तू वाढलीस की कमी झालीस?"

"काटा म्हणतो वाढले."

"काट्याला काय कळतंय. त्याला किती ते कळतं, काय ते कळत नाही."

हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं. त्या दुपारी तिने मापांची वही मागून घेतली आणि साहेबांचं पान काढलं. बावीस वर्षांपूर्वी कंबर तीस. मग एकतीस, तेहतीस, पस्तीस, आणि गेल्या वर्षी अडतीस. दंड मात्र चौदावरून साडेअकरावर आलेला. मांडीचंही तेच. वजन मात्र, साहेबांच्याच शब्दांत, बावीस वर्षं अडुसष्ट.

तिने ते पान तीनदा वाचलं. मग वही मिटली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा हसली.

तरी खात्री हवी होती. ती मंडळाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई तुटक बोलायच्या, पण विचारलं की नीट सांगायच्या.

"तेल पाण्यावर तरंगतं ना? चरबीची पेशी म्हणजे तेलाची पिशवीच. तिच्यात पाणी जवळजवळ नाहीच. स्नायूत पाऊण भाग पाणी आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिनं, ती पाण्याहून जड. म्हणून एक लिटर स्नायू साधारण एक किलो साठ ग्रॅम भरतो आणि एक लिटर चरबी नऊशेच्या आसपास. तितक्याच वजनाची चरबी जास्त जागा खाते."

"म्हणजे माणसाचे पाच किलो स्नायू झिजले आणि पाच किलो चरबी चढली तर?"

"काटा गप्प बसेल. पट्टा बोलेल." बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही स्वतःबद्दल विचारताय ना?"

"नाही," घोरपड म्हणाली.

मंडळाकडे पाण्यात वजन करायची टाकी होती. तिच्यावर काट्याला टांगलेली खुर्ची. माणसानं सगळा श्वास सोडून बुडायचं आणि पाण्यातलं वजन बघायचं. छातीत उरलेल्या हवेचा हिशेब वेगळा करायचा. जितका स्नायू जास्त, तितकं पाण्यातलं वजन जास्त. तक्त्यात न बसणाऱ्याला ही चाचणी मागायचा हक्क होता. बाकीच्यांना मात्र कोणी ती करायला लावत नसे.

ती साहेबांच्या खोलीत गेली. आवाज इतका मऊ केला की तिचा तिलाच परका वाटला.

"साहेब, माझी चाचणी होईल तेव्हा सगळ्या केंद्राचीच करून घ्या. पोरं फार सैल सुटलीत. आधी तुम्ही उतरा. बावीस वर्षं ज्याचा काटा हलला नाही त्याला बघून बाकीच्यांना लाज वाटेल."

साहेबांनी छाती फुगवली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्यांना फार वेळ लागत नसे. तिनं पुढे केलेल्या अर्जावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: निकाल सर्वांवर सारखाच लागू राहील, कोणालाही सवलत नाही. आणि सही ठोकली.

चाचणीच्या दिवशी अख्खं केंद्र टाकीभोवती उभं होतं. आधी घोरपड उतरली. श्वास सोडला आणि दगडासारखी खाली गेली. काटा दोन किलोच्या पुढे थांबला. उरलेल्या हवेची भर घालून बाईंनी मोठ्यानं वाचलं, "चरबी शेकडा एकवीस. कामाला उत्तम."

मग साहेब उतरले. श्वास सोडला तरी खुर्ची खाली जाईना. पायाला वजनं बांधून पुन्हा प्रयत्न केला, ती वजा केली, तर काटा शून्यापासून जेमतेम हलला. तीन वेळा तेच. कोणी हसलं नाही. न हसणं जास्त लागतं, हे घोरपडीला माहीत होतं. ती मुद्दाम पुढच्या रांगेत, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली होती.

"शेकडा एकतीस," बाई म्हणाल्या. "वजन तेच राहिलंय, पण स्नायू गेलेत आणि त्यांच्या जागी चरबी आली आहे. नियमाप्रमाणे आता ओझ्याची चाचणी द्यावी लागेल."

सत्तर किलोचा पुतळा तीस पावलं ओढायचा होता. साहेब अकराव्या पावलाला बसले.

घोरपडीने त्यांना पाणी नेऊन दिलं. वाकून हळूच म्हणाली, "शिडीवर चढताना जपा हं, साहेब." ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

आठवड्याभरात त्यांची बदली मुख्यालयात, फोनच्या टेबलावर झाली. अर्जावरची सही त्यांचीच असल्यामुळे तक्रार करायला तोंड उरलं नाही. घोरपड बंबावर परतली.

दोन महिन्यांनी ते तिला व्यायामशाळेच्या दारात भेटले. उतरलेला चेहरा, हातात नवीकोरी पिशवी.

"सहा महिन्यांनी फेरतपासणी आहे," ते म्हणाले. "स्नायू परत येतात म्हणे या वयातसुद्धा. तू शिकवशील का?"

येतात, हे तिला ठाऊक होतं. कसे येतात तेही ठाऊक होतं. वजन उचलायचं, पोटभर जेवायचं, काट्याकडे न बघता दोरीनं माप घ्यायचं. एवढं सांगायला दोन मिनिटंही लागली नसती.

"दुसऱ्या कोणाला तरी विचारा," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी नवऱ्याला तिने हे सांगितलं. त्याने ताट तिच्यासमोर ठेवलं.

"सांगायला हवं होतंस. आता तरी झालं ना समाधान?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढलं.