तिरका फोटो

अंबरनाथच्या क्लासमध्ये कुमुदिनीबाई बावीस वर्षं फिजिक्स शिकवतात, पण त्या दिवशीसारखं त्यांचं डोकं कधी फिरलं नव्हतं. चाचणीत पुस्तकातून फोटो काढून छापलेली एक आकृती होती: मधोमध एकच धनप्रभार, चहूकडे सारख्या अंतराने निघालेल्या विद्युत क्षेत्ररेषा, प्रभाराभोवती वर्तुळ आणि त्यावर ए आणि बी हे दोन बिंदू. क्षेत्र कुठे जास्त, असा प्रश्न. उत्तरसूचीत बी होतं, कारण छापलेल्या आकृतीत तिथे रेषा दाट दिसत होत्या, आणि रेषा दाट तिथे क्षेत्र जास्त. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून येणाऱ्या भारतीने 'दोन्हीकडे सारखं' हा पर्याय निवडला, म्हणून तिला त्या प्रश्नाला शून्य मिळालं. पेपरच्या कडेला तिने लिहिलं होतं, "वर्तुळ अंड्यासारखं दिसतंय. म्हणजे पुस्तकाचा फोटो तिरका काढलाय, रेषा खऱ्या दाट नाहीत."

बाई तडक क्लासचे मालक उन्मेषसर यांच्याकडे गेल्या.

"उत्तरसूची छापून गेली, बाई. एका मार्कासाठी कशाला डोकं लावता?"

बाईंनी भिंतीवरच्या सरांच्याच हसऱ्या फोटोचा बाजूला उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"यात तुमचं तोंड चेपलंय, सर. खरंच चेपलंय म्हणू, की पोरीला मार्क देताय?"