पाच सप्तमांश

बी.एस्सी.ला मी आणि माझा मित्र दोनदा नापास झालो. मी मुलुंडहून जुन्याच कॉलेजात जात राहिलो. तो अंधेरीच्या कॉलेजात गेला, तिथे सोपं असतं, निभावेल म्हणून. परीक्षेआधी माझ्या खोलीत आम्ही एक गणित घेतलं: बोलिंगचा भरीव चेंडू न फिरवता जमिनीवर घसरत सोडला, तर तो नुसता गडगडू कधी लागेल आणि तेव्हा त्याचा वेग किती असेल?

मित्राने ऊर्जा कायम धरली. त्याचा वेग जास्त आला. मी चिडलो.
"अरे, घासताना उष्णता होते, ती कुठून आली?"

मग मी मांडलं. घर्षण वेग कमी करतं आणि तेच चेंडूला फिरवतं. दोन्हींचा मेळ बसला की घसरणं संपतं. उत्तर आलं, मूळ वेगाचे पाच सप्तमांश.

"यात घर्षण कुठेय?"
"कटलं. ते फक्त वेळेत येतं. खरखरीत जमिनीवर लवकर, गुळगुळीत जमिनीवर उशिरा. शेवटचा वेग तोच."

त्याने कागदावरच्या उत्तराखाली रेघ ओढली.
"म्हणजे अंधेरीला जाऊन मी नुसता वेळ काढला रे," तो म्हणाला.

मी पुढचं गणित काढलं नाही.